बारा जूनची तारीख

आमच्या घरकर्जात आम्ही चार लाख रुपये मुदतीआधी भरले, आणि पुढचे जवळजवळ पाच महिने त्याच चार लाखांवर व्याज भरत राहिलो. बँकेने ते पैसे घेतले होते, पण कर्जखात्याच्या उताऱ्यावर त्यांचा पत्ताच नव्हता. ते पैसे खात्यात यावेत आणि आकारलेलं व्याज परत फिरावं म्हणून मला दोन पत्रं लिहावी लागली. पहिलं पत्र अर्धंच लागू पडलं, दुसऱ्याने काम झालं. त्यातून जे शिकले ते इथे क्रमाने मांडते. मी कराडच्या एका हायस्कुलात शिकवते, बँकेतली जाणकार नाही. त्यामुळे जे करून पाहिलं तेवढंच सांगते.

१. पैसे पोचले म्हणजे कर्ज कमी झालं, असं धरू नका.

२०२३ च्या मे महिन्यात आमच्या विम्याच्या पॉलिसीचे पैसे हातात आले. त्या वेळी घरकर्जाची शिल्लक २२ लाख ४० हजार होती, व्याजदर ९ टक्के आणि हप्ता २३,५००. हा हप्ता तसाच चालू राहिला असता तर अजून सुमारे १६८ महिने भरावा लागणार होता. चार लाख एकदम भरून हप्ता तोच ठेवला, तर मुदत सुमारे ११८ महिन्यांवर येत होती. म्हणजे चार वर्षांहून जास्त काळाची सुटका. आम्ही फार विचार न करता ठरवून टाकलं.

१२ जूनला, सोमवारी सकाळी, मी माझ्या बचत खात्यातून आरटीजीएसने कर्जखात्यावर चार लाख पाठवले. अर्ध्या तासात मेसेज आला की व्यवहार यशस्वी झाला. मी निर्धास्त झाले. पण तो मेसेज माझ्या बचत खात्याच्या बँकेचा होता. पैसे इथून निघून तिथे पोचले, एवढंच तो सांगत होता. तिथे गेल्यावर ते कुठल्या सदरात पडले, हे त्यात नव्हतं.

पुढे कळलं ते असं. ठरलेला हप्ता संगणक आपोआप जमा करतो, कारण त्याची तारीख आणि रक्कम त्याला माहीत असते. मध्येच आलेली मोठी रक्कम हप्ता आहे, आगाऊ हप्ते आहेत, की मुद्दलातली परतफेड, हे कुणीतरी माणसाने ठरवून नोंदवावं लागतं. तशी नोंद झाली नाही तर रक्कम सस्पेन्स खात्यात पडून राहते. आमचे चार लाख तिथेच होते. ते ना आमच्या कामाचे होते, ना कर्जाच्या.

२. उताऱ्यात जमेची ओळ शोधालच, पण पुढच्या महिन्याचं व्याज आधी पाहा.

हप्ता वेळेवर जात होता, म्हणून मी ऑक्टोबर संपेपर्यंत उतारा काढला नाही. ही चूक माझी. १ नोव्हेंबरला उतारा हातात आला तेव्हा जूनमधली जमेची ओळ दिसली नाही. आधी वाटलं, आपल्यालाच वाचता येत नसेल. मग व्याजाच्या ओळींकडे पाहिलं. जुलै महिन्याचं व्याज १७ हजारांच्या घरात लागलेलं होतं. चार लाख वजा झाले असते तर ते १४ हजारांच्या घरात असायला हवं होतं. शंका तिथेच मिटली.

हा ताळा कुणालाही करता येतो. भरलेल्या रकमेला वार्षिक व्याजदराने गुणायचं आणि बाराने भागायचं. चार लाखांचे ९ टक्क्यांनी वर्षाचे ३६ हजार, महिन्याचे तीन हजार. पैसे भरल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण महिन्यात व्याज साधारण तेवढ्याने उतरलं पाहिजे. उतरलं नसेल तर पैसे मुद्दलात गेलेले नाहीत, मग काउंटरवरून काहीही सांगोत. काही ठिकाणी रक्कम उताऱ्यावर ‘जादा जमा’ किंवा ‘आगाऊ हप्ता’ म्हणून दिसते आणि व्याज मात्र जुनंच लागत राहतं. अशा वेळी जमेची ओळ पाहून समाधान होतं, पण व्याजाची ओळ खरं काय ते सांगते.

३. पैसे कशासाठी आहेत, ते त्याच दिवशी लेखी कळवा.

मी शाखेत गेले तेव्हा अधिकारी सौजन्याने बोलले. “मॅडम, पैसे कुठं जात नाहीत, आमच्याकडेच आहेत,” ते म्हणाले. पण पुढचं वाक्य होतं, “तुमचा पार्ट पेमेंटचा अर्ज आलेला दिसत नाही.” संपूर्ण वाद या एका वाक्यावर उभा होता. अर्ज नसेल तर पैसे बाजूला ठेवण्यात बँकेची चूक नाही, असं त्यांना म्हणता येत होतं.

माझ्या सुदैवाने अर्ज गेलेला होता. १२ जूनला दुपारी मी शाखेच्या अधिकृत ईमेलवर तीन ओळी लिहिल्या होत्या: आज चार लाख पाठवले आहेत, ते मुद्दलात जमा करावेत, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. सोबत व्यवहाराच्या पावतीचं चित्र जोडलं होतं. त्या ईमेलला उत्तर कधीच आलं नव्हतं, पण तो माझ्या ‘पाठवलेल्या’ पत्रांत तारीख-वेळेसह जसाच्या तसा होता.

अशी सूचना दिलेली नसेल तर बाजू कमकुवत होते, हेही सांगायला हवं. तरीही पत्र जरूर लिहावं, कारण पैसे बँकेच्याच ताब्यात होते आणि त्याबद्दल त्यांनी विचारणा केली नव्हती. मात्र तेव्हा पैसे भरल्याच्या तारखेपासूनचं सगळं व्याज फिरेलच, अशी खात्री धरू नये.

४. हिशेबाला बसण्यापूर्वी कर्जकरारातलं व्याजाचं कलम वाचा.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक निवृत्त बँक अधिकारी राहतात, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मी उतारा घेऊन तावातावाने त्यांच्याकडे गेले. त्यांनी उतारा बाजूला ठेवला आणि करार मागितला. व्याज रोजच्या शिल्लकेवर लागतं की महिन्याच्या, आणि मध्येच भरलेली रक्कम कुठल्या दिवसापासून धरायची, हे त्यात लिहिलेलं असतं. आमच्या करारात रोजची शिल्लक धरून महिनाअखेरीस व्याज नावे टाकायचं होतं. म्हणजे १२ जूनला आलेल्या पैशांचा फायदा १२ जूनच्याच शिल्लकेपासून मिळायला हवा होता.

प्रत्येक करारात असंच असतं असं नाही. काहींत भरलेली रक्कम पुढच्या हप्त्याच्या तारखेपासून धरली जाते. तसं असेल तर मधल्या दिवसांचं व्याज मागणं चुकीचं ठरतं, आणि एक चुकीची मागणी उरलेल्या खऱ्या मागणीचंही वजन घालवते. दुसरी गोष्ट मुदतीआधी भरल्याच्या शुल्काची. व्यक्तीने स्वतःसाठी घेतलेल्या, बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर बँकांना असं शुल्क घेता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०१२ पासूनचा नियम आहे. स्थिर दराच्या कर्जाला मात्र करारातलं शुल्क लागू होऊ शकतं. आमचा दर बदलता होता, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

५. हिशेब महिन्यागणिक मांडा, ढोबळ आकडा टाकू नका.

मी आधी सरळ गुणाकार केला होता. १२ जून ते ३१ ऑक्टोबर, दोन्ही दिवस धरून १४२ दिवस, त्याचे व्याज १४,००५ रुपये. अण्णांनी तो कागद पाहिला आणि म्हणाले, “पोरी, एवढ्यावर थांबलीस तर तुझंच नुकसान. जूनचं जादा व्याज जुलैत मुद्दलात बसलंय, त्यावर पुन्हा व्याज लागलंय.”

मग आम्ही दोघांनी मिळून एकेक महिना काढला. जूनच्या १९ दिवसांचे चार लाखांवर १,८७४ रुपये. जुलैत ४,०१,८७४ वर ३,०७२. ऑगस्टमध्ये ४,०४,९४६ वर ३,०९५. सप्टेंबरच्या तीस दिवसांचे ३,०१८ आणि ऑक्टोबरचे ३,१४२. एकूण १४,२०१ रुपये. सरळ गुणाकारापेक्षा फरक १९६ रुपयांचाच होता, पण हा कागद बँकेच्या हिशेबनिसाला ओळीने ओळ तपासता येत होता. त्याने कुठलीही एक ओळ धरली तरी ती उताऱ्याशी जुळत होती. नुसतं ‘सुमारे पंधरा हजार’ लिहिलं असतं तर त्यांना आधी माझा आकडा खोडावा लागला असता, आणि तसं करण्यात आणखी एक महिना गेला असता.

रक्कम लहान वाटून कुणी सोडून देऊ नये, म्हणून हेही सांगते. जादा लागलेलं व्याज कर्जाच्या शिल्लकेत बसतं आणि कर्ज संपेपर्यंत त्यावर व्याज चढत राहतं. दर ९ टक्केच राहिला असं धरलं, तर आमचे हे पंधरा हजार शेवटच्या हप्त्याला चौतीस हजारांच्या आसपास झाले असते. म्हणजे जवळजवळ दीड हप्ता.

६. पत्रात एकच मागणी करा, आणि ती तारखेची करा.

माझ्या पहिल्या कच्च्या पत्रात खूप काही होतं. फोन न उचलल्याची तक्रार होती, जुन्या विम्याचा विषय होता, मनस्तापाची भरपाई होती. अण्णांनी पेन्सिलने सगळं खोडलं. “आधी तारीख लिही, मग आकडा. बाकीचं वाचायला तिथे कुणी बसलेलं नाही.” त्यांनी मला एक शब्द शिकवला: व्हॅल्यू डेट. एखादी नोंद आज केली तरी ती कुठल्या दिवसापासून लागू धरायची, ती तारीख. बँकेकडे ‘जादा व्याज परत द्या’ असं मागितलं की ती सवलतीची विनंती वाटते आणि ‘सहानुभूतीने विचार करू’ असं उत्तर येतं. ‘नोंद १२ जूनच्या व्हॅल्यू डेटने करा’ असं मागितलं की ती चुकीची दुरुस्ती होते, आणि व्याज त्या दुरुस्तीबरोबर आपोआप फिरतं.

६ नोव्हेंबरला दिलेल्या पत्राचा मजकूर असा होता:

“विषय: गृहकर्ज खात्यात १२ जून २०२३ रोजी भरलेली रु. ४,००,००० ची मुदतपूर्व परतफेड न नोंदवता आकारलेले व्याज.

महोदय, वरील रक्कम मी १२ जून २०२३ रोजी आरटीजीएसने माझ्या कर्जखात्यावर भरली. यूटीआर क्रमांक सोबतच्या पावतीवर आहे. त्याच दिवशी ईमेलने ही रक्कम मुद्दलात जमा करून हप्ता तोच व मुदत कमी ठेवण्याची सूचना दिली. ३१ ऑक्टोबरअखेरच्या उताऱ्यात या रकमेची नोंद नाही व व्याज पूर्ण शिलकेवर आकारलेले आहे. सोबतच्या तक्त्याप्रमाणे जादा आकारलेले व्याज रु. १४,२०१ आहे.

माझी मागणी अशी: सदर रक्कम १२ जून २०२३ या व्हॅल्यू डेटने मुद्दलात जमा करावी, त्या तारखेपासून व्याजाची फेरआकारणी करावी, आणि दुरुस्त उतारा व हप्त्यांचे नवे वेळापत्रक लेखी द्यावे. दुरुस्ती होईपर्यंत मी हप्ता नियमित भरत आहे. जादा व्याजाबाबतचा माझा हक्क राखून तो भरत आहे.”

सोबत चार कागद जोडले: आरटीजीएसची पावती, १२ जूनच्या ईमेलची छापील प्रत, माझ्या बचत खात्याच्या उताऱ्याचं ते पान, आणि महिन्यागणिक तक्ता. यूटीआर म्हणजे त्या व्यवहाराची खूण. आरटीजीएसमध्ये तो बावीस अक्षर-अंकांचा असतो. पावतीवरून हाताने उतरवताना एक अक्षर चुकलं तर पैसे सापडत नाहीत, म्हणून पावतीच जोडलेली बरी. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतली. काउंटरवरच्या मुलाने “ठेवून जा” म्हटलं, तरी मी पोच मिळेपर्यंत उभी राहिले.

पत्रात हप्त्याबद्दलचं शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. रागाच्या भरात हप्ता थांबवला तर थकबाकी आपल्या नावावर लागते, दंड लागतो, पत-अहवालात डाग पडतो, आणि मूळ वाद मागे पडून आपणच दोषी ठरतो.

७. शिल्लक उतरली म्हणजे काम झालं, असं समजू नका.

२४ नोव्हेंबरला उत्तर आलं. “आपली रक्कम आपल्या कर्जखात्यात जमा केली असून तक्रार निकाली काढण्यात येत आहे.” नवा उतारा काढला. शिल्लक चार लाखांनी उतरलेली होती. यजमान म्हणाले, “चला, मिटलं.” मलाही क्षणभर तसंच वाटलं.

पण त्या ओळीपुढची तारीख होती ७ नोव्हेंबर. म्हणजे माझं पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पैसे मुद्दलात धरले. जून ते ऑक्टोबर या महिन्यांच्या व्याजाच्या ओळी जशाच्या तशा होत्या. वाद ज्या व्याजाचा होता ते तिथेच राहिलं, आणि तक्रार मात्र ‘निकाली’ निघाली. बहुतेक लोक इथे थांबतात, कारण शिलकेचा मोठा आकडा सुधारलेला दिसतो.

२८ नोव्हेंबरला मी दुसरं पत्र बँकेच्या प्रधान नोडल अधिकाऱ्याच्या नावाने पाठवलं. त्यांचा पत्ता बँकेच्या संकेतस्थळावर तक्रार निवारणाच्या पानावर असतो. हे पत्र पहिल्यापेक्षा लहान होतं. त्यात तीनच गोष्टी होत्या: पैसे १२ जूनला मिळाले हे बँकेने नाकारलेलं नाही, नोंद मात्र ७ नोव्हेंबरची केली आहे, आणि मधल्या १४८ दिवसांचं व्याज कुठल्या कलमाखाली लावलं ते कळवावं किंवा नोंद दुरुस्त करावी. पहिल्या पत्राची पोच आणि त्यांचं उत्तर सोबत जोडलं.

१८ डिसेंबरला दुरुस्ती झाली. जूनपासूनच्या व्याजाच्या नोंदी उलट्या फिरवून नव्याने टाकल्या होत्या. नोव्हेंबरअखेरपर्यंत जादा लागलेले १४,८९८ रुपये मुद्दलातून वजा झाले होते. तो आकडा माझ्या तक्त्याच्या पुढच्या ओळीशी जुळला.

८. मुदती लक्षात ठेवा आणि शेवटचा कागद घेतल्याशिवाय फाइल मिटू नका.

बँकेने ऐकलं नसतं तर पुढची पायरी माझ्यासमोर होती. त्या वेळी लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी लागे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेल्या उत्तराने समाधान झालं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येत होती. उत्तर मिळाल्यापासून त्यासाठी एक वर्षाची मुदत होती. ते तीस दिवस पत्राच्या पोचेवरच्या तारखेवरून मोजले जातात, म्हणून शिक्क्याला एवढं महत्त्व. तक्रार करायच्या वेळी चालू नियम काय आहेत, ते मात्र त्याच ठिकाणी पाहून घ्यावं.

शेवटचा कागद व्याजाच्या दाखल्याचा. आयकरासाठी बँक वर्षाचं व्याज आणि मुद्दल दाखवणारा दाखला देते. आमचा आधी काढलेला तात्पुरता दाखला चुकीच्या व्याजावर होता आणि चार लाखांची परतफेड त्यात नव्हती. दुरुस्तीनंतर मी नवा दाखला मागून घेतला. जुन्या दाखल्यावर विवरणपत्र भरलं असतं, तर न भरलेल्या व्याजाची वजावट माझ्या नावावर लागली असती. त्याबरोबर हप्त्यांचं नवं वेळापत्रकही घेतलं. त्यात उरलेले हप्ते खरोखर कमी झाले आहेत का, ते मोजून पाहिलं.

ज्यांनी अलीकडे कर्जात एकरकमी पैसे भरले आहेत, त्यांना एकच विनंती. पुढच्या महिन्याचा उतारा काढा आणि व्याजाची ओळ पाहा. ती उतरलेली नसेल, तर त्याच आठवड्यात पत्र द्या आणि पैसे भरल्याची तारीख पहिल्याच ओळीत लिहा.